नावाचे दोनच रकाने कशाला?

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःचे, आईचे, वडिलांचे नाव आणि मग आडनाव लिहिण्याच्या राज्य सरकारच्या निर्णयाचे स्वागत. मात्र अनेक ऑनलाइन अर्जांत आजही ‘पहिले नाव’ आणि ‘आडनाव’ एवढे दोनच रकाने असतात. मग मधली दोन नावे कुठे लिहायची? कोणी ती पहिल्या रकान्यात घालतो, कोणी गाळतो, आणि एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी जुळेनाशा होतात.

पूर्ण नाव घेऊन संगणकाकरवी त्याची फोड केली, तरी घोळ टळत नाही. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, असा नियम सहसा लावतात. पण आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते. तेथील ‘पाटील सुनीता रमेश’ या नियमात घातले, की वडिलांचे ‘रमेश’ आडनाव होऊन बसते! तमिळनाडूत तर अनेकांना आडनावच नसते. नावाआधीचे अक्षर वडिलांच्या नावाचे असते. रकाना सक्तीचा असल्याने ते बिचारे वडिलांचे नाव किंवा नुसते टिंब टाकून मोकळे होतात.

ही चूक कागदावरच राहत नाही. व्यक्तीच्या पॅन क्रमांकातील पाचवे अक्षर आडनावाच्या आद्याक्षरावरून ठरते. म्हणून पूर्ण नावाचा एकच रकाना ठेवावा आणि नाव जसे लिहिले तसेच साठवावे. आडनाव खरोखर लागणार असेल, तर ते वेगळे विचारावे, पण रिकामे ठेवण्याची मुभा द्यावी.

– एक वाचक, पुणे