माझी गाडी दारातच थांबते

टिळकवाडी, बेळगाव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी छत्रीची अलक काल रात्री आली. पोस्ट करण्याआधी मला पाठवलीस याचा आनंद झाला. फोनवर बोलता बोलता सगळं सांगून झालं असतं, पण एवढ्याशा गोष्टीत एकेक शब्द उचलून बघावा लागतो, म्हणून कागद घेऊन बसले. तुझ्या ओळी आधी इथं उतरवते, म्हणजे दोघींच्या समोर एकच मजकूर राहील.

‘खूप जोराचा पाऊस पडत होता. मी अथणीची, आमच्याकडं एवढा पाऊस नसतो, त्यामुळं माझ्याकडं छत्री नव्हती. मी खानापूरच्या बस स्टँडवर भिजत उभी होते. तेवढ्यात एक अनोळखी आजोबा आले. त्यांनी आपली जुनी, एक काडी बाहेर आलेली छत्री मला दिली आणि ते निघून गेले. पाऊस थांबल्यावर मी त्यांना खूप शोधलं. शेवटी ते सापडले. मी छत्री परत केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माणुसकी अजून जिवंत आहे.’

शेवटचं वाक्य जाणार हे तुलाही माहीत असणार. ते काढल्यावर काय उरतं ते बघ. आजोबांनी छत्री दिली आणि तू ती परत केलीस. यात चांगुलपणा आहे, गोष्ट अजून झालेली नाही. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत वाटलं होतं तेच शेवटच्या ओळीत खरं ठरतं. आठ-दहा वाक्यांत गोष्ट व्हायची तर शेवटाला पोचलेल्या माणसाला पहिली ओळ पुन्हा वाचावीशी वाटली पाहिजे, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्याच ओळीचा अर्थ वेगळा लागला पाहिजे.

तो वेगळा अर्थ कुठून आणायचा? बाहेरून आणू नकोस. आजोबा वारले होते, छत्री त्यांच्या गेलेल्या बायकोची होती, असले शेवट मी पुष्कळ वाचलेत. ते गोष्टीला चिकटवलेले दिसतात, कारण पहिल्या ओळीत त्यांचं बी नसतं. तुझ्या गोष्टीचं बी तुझ्याच एका वाक्यात पडून आहे: ‘त्यांनी छत्री मला दिली.’ का दिली? तू हे विचारलंच नाहीस, आणि सगळं इथंच आहे.

आपल्या जिल्ह्याचा पाऊस आठव. पूर्वेला अथणी, रायबागकडं तो मोजूनमापून येतो, आणि पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला सह्याद्रीवर आदळून कोसळतो. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीच्या परिसरात जुलैत झड लागली की उघडीप कधी मिळेल याचा भरवसा नसतो. तिथला माणूस अशा दिवसांत छत्री सहज देऊन टाकत नाही. त्यातून शेतात रोप लावताना दोन्ही हात मोकळे लागतात, तिथं इरलं किंवा प्लास्टिकची खोळ. छत्री बाहेर निघायची वस्तू. तालुक्याला जायचं, बँकेत जायचं, कुणाच्या लग्नाला जायचं, तेव्हा ती खुंटीवरून निघते. म्हणजे तुझ्या आजोबांकडं ती बहुधा एकच असेल. आता ‘का दिली’ याचं वजन कळतं ना?

मग ते काय म्हणाले असतील? आपल्याकडची म्हातारी माणसं ‘मी भिजतो, तू घे’ असं म्हणणार नाहीत. समोरच्याला संकोच वाटू नये म्हणून ते काहीतरी साधं कारण देतात. मी त्यांच्या तोंडी एवढंच घातलं: ‘माझी गाडी दारातच थांबते.’ ते खरं नाही. पण ते खरं नाही हे तुझ्या ‘मी’ला तेव्हा कळता कामा नये, वाचणाऱ्यालाही नाही. छत्री परत करायला ती त्या गावाला जाते तेव्हाच ते उघडं पडतं. परत करणं हा मग शिष्टाचार राहत नाही. परत करायला गेल्यामुळंच तिला कळतं की आजोबांनी काय दिलं होतं.

ही एक गोष्ट ठरली की बाकीचं आपोआप जागेवर येतं. बस स्टँडवर डोक्यावर पत्रा असतो, तिथं भिजत कोण उभं राहील? तिला आडरस्त्याच्या फाट्यावर उभी कर, जिथं आडोसा नाही. आजोबांची बस आधी येते, ते पायरीवर चढतात, आणि तिथूनच छत्री खाली देतात. बस सुटते, म्हणजे तिला ‘नको, नको’ म्हणायलाही वेळ मिळत नाही. तीन वाक्यांचं काम त्या पायरीनं केलं.

मग ‘खूप शोधलं, शेवटी ते सापडले’. अनोळखी माणूस कसा सापडला हे वाचणारा विचारणारच, आणि त्याचं उत्तर दिलं नाहीस तर पुढच्या कशावरच त्याचा विश्वास बसणार नाही. उत्तर छत्रीतच ठेव. काळ्या छत्र्या सगळ्या सारख्या दिसतात, देवळात किंवा बँकेच्या दारात अदलाबदल होते, म्हणून खेड्यात कापडाला आतून नाव शिवतात नाहीतर मुठीवर ऑइल पेंटनं खूण करतात. लाल दोऱ्यानं गावाचं नाव शिवलेलं असू दे. लहान गावात एवढं पुरतं, छत्री बघूनच माणसं मालक सांगतात.

इथं तुझी बाहेर आलेली काडी मला सोडवेना, खरं सांगते. कापड काडीच्या टोकाला टाक्यानं धरलेलं असतं, आणि जुन्या छत्रीत तो टाकाच आधी तुटतो, मग कापड मागं सरकतं आणि काडी उघडी पडते. तू हे बघून लिहिलंयस. पण या गोष्टीत छत्रीला एकच खूण परवडते. काडी छत्री जुनी आहे एवढंच सांगते. लाल दोरा छत्री जुनी आहे हे सांगतो, ती कुणीतरी जपली हे सांगतो आणि वाटही दाखवतो. म्हणून दोरा ठेवला. काडी दुसऱ्या कुठल्या गोष्टीसाठी वहीत लिहून ठेव, ती वाया जायची वस्तू नाही.

‘पाऊस थांबल्यावर’ याचाही नीट विचार कर. त्याच संध्याकाळी म्हणालीस तर जांबोटीकडचा माणूस मान हलवेल, जुलैत असा पाऊस थांबत नाही. गणपती झाल्यावर म्हणालीस तर आजोबा सगळा पावसाळा छत्रीवाचून राहिले, आणि तुझी ‘मी’ वाचणाऱ्याच्या मनातून उतरली. मधली वेळ हवी. दोन-चार दिवसांनी एक उघडीप मिळाली आणि ती निघाली, हे बरोबर.

अथणीचं वाक्य मी काढलंय, पण अथणी मनातून काढू नकोस. भर पावसात छत्री नव्हती याला कारण द्यावं लागत नाही, असं कुणाचंही होतं. मात्र तुझी ‘मी’ त्या भागात परकी आहे म्हणूनच तिला कुठली बस कुठं थांबते हे ठाऊक नाही, म्हणूनच तिनं आजोबांचं बोलणं खरं मानलं, आणि म्हणूनच थांब्यावर उतरून तिला वाट विचारावी लागते. ओळीत नसलेलं हे कारण बाकीच्या ओळींना धरून ठेवतं.

आता मी जुळवलेला खर्डा.

‘‘धर बाळ, माझी गाडी दारातच थांबते.’’ बसच्या पायरीवरूनच आजोबांनी छत्री माझ्या हातात दिली आणि बस सुटली.
कापडाच्या आत लाल दोऱ्यानं शिवलेलं गावाचं नाव घरी आल्यावर दिसलं.
रविवारी उघडीप मिळाली तशी त्या गावच्या थांब्यावर उतरले. समोर नुसती भातशेती.
‘‘ही छत्री होय? त्यांचं घर त्या टेकडीच्या मागं. बांधावरून अर्धा तास चालायचं, जाशील?’’
मी छत्री काखेत मारली आणि बांधावर उतरले.

आज दुपारी शेजारच्या काकूंना दोन्ही वाचून दाखवले. तुझा ऐकून त्या म्हणाल्या, ‘‘छान आहे.’’ हा ऐकून क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘‘अगं, म्हणजे ते भिजतच गेले की घरी!’’ हे वाक्य काकूंनी म्हणायचं, आपण लिहायचं नाही. गोष्ट लागू पडली का हे ओळखायची मला एवढीच खूण माहीत आहे. ऐकणारी ‘मग पुढं?’ म्हणाली तर काहीतरी कमी पडलं, आणि मान डोलावून ‘छान’ म्हणाली तर आपण सगळं सांगून टाकलं.

कमी पडायचा धोकाही खरा आहे. आधी मी ‘घर जरा लांब आहे’ एवढंच लिहिलं होतं, तेव्हा काकूंच्या लक्षातच आलं नाही. ‘अर्धा तास’ आणि ‘बांधावरून’ हे दोन शब्द आल्यावर चिखल, पाऊस आणि म्हाताऱ्या माणसाची चाल तिघंही एकदम दिसली. तसंच पहिल्या ओळीत ‘दारातच’वर जोर देऊ नकोस, ते बोलण्याच्या ओघात निसटून जाऊ दे. तिथं ‘हसत म्हणाले’ किंवा ‘क्षणभर थांबून म्हणाले’ घातलंस की हुशार वाचक लगेच सावध होतो.

थांब्यावर वाट सांगणारा मराठी बोलतो की कानडी, हे मी मोकळं ठेवलंय. आपल्याकडं रोज दोन्ही चालतात. तो कोण हे सांगायला लागलीस की वाचणारे त्याच्याकडं बघत बसतील, आणि आजोबा मागं पडतील.

शीर्षक देऊ नकोस असं माझं मत आहे. पाच ओळींच्या मजकुरावर शीर्षक ही सहावी ओळ होते, आणि ती बहुतेक वेळा गुपित फोडते. या पत्राच्या वर मी जे लिहिलंय ते फक्त तुझ्यासाठी, पोस्टवर ते घातलंस तर ‘दारातच’ लगेच उघडं पडेल.

एका जागी मात्र माझं मन ठरत नाही. आजोबा शेवटी दिसावेत का? मला वाटतं दिसू नयेत, कारण ते दिसले की त्यांना काहीतरी बोलावं लागेल, आणि ते काहीही बोलले तरी पहिल्या वाक्यापेक्षा हलकंच ठरेल. पण तुझ्या मनात त्यांचा चेहरा स्पष्ट असेल आणि त्यांच्याकडं पोचल्याशिवाय तुला चैन पडत नसेल, तर एक ओळ लिहून बघ, आणि त्या ओळीत त्यांना बोलायला न लावता काहीतरी काम करत असू दे. लिहिलंस तर दोन्ही खर्डे मला पाठव, काकूंना पुन्हा बसवते.

जेवण वेळेवर करत जा. बाबांनी कुंदा पाठवलाय, शनिवारच्या गाडीनं येईल.

तुझी,
आई