लाच कोणी घेतली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'लाच घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या भावाला अटक'. या घडणीचे मथळे वृत्तपत्रांत नेहमी दिसतात. या मथळ्यात लाच अधिकाऱ्याने घेतली की भावाने? व्याकरण दोन्ही अर्थांना मोकळीक देते. लिहिणाऱ्याला घटना ठाऊक असते, त्यामुळे मनातल्या मनात वाचताना तो योग्य जागी थांबतो आणि दुसरा अर्थ त्याला दिसतच नाही. छापलेल्या ओळीत तो थांबा नसतो. बातमी वाचली की उलगडा होतो हे खरे, पण फोनवर मथळा पाहून पुढे सरकणाऱ्याच्या मनात नको तो माणूस लाचखोर ठरून बसतो.

ही संदिग्धता येते कुठून ते पाहण्यासारखे आहे. मराठीत 'घेणारा', 'पळालेला', 'जुना' ही विशेषणे नामाप्रमाणे बदलतात: घेणारा भाऊ, घेणारी बहीण, घेणारे भाऊ. पण नामाला प्रत्यय लागून त्याचे सामान्यरूप झाले की हा भेद मिटतो. घेणाऱ्या भावाला, घेणाऱ्या बहिणीला, घेणाऱ्या भावांना: सगळीकडे 'घेणाऱ्या'च. वरच्या मथळ्यात अधिकाऱ्याला 'च्या' लागला आहे आणि भावाला 'ला'. दोघेही सामान्यरूपात, म्हणून 'घेणाऱ्या' दोघांनाही सारखेच शोभते.

मग उपाय सोपा आहे. शेवटचे नाम प्रथमेत आणा. 'लाच घेणाऱ्या अधिकाऱ्याचा भाऊ अटकेत' म्हटले की लाच अधिकाऱ्याचीच, आणि 'लाच घेणारा अधिकाऱ्याचा भाऊ अटकेत' म्हटले की भावाचीच. शब्द पाचच राहिले, तेव्हा जागा नव्हती ही सबब इथे चालणार नाही. दुसरा अर्थ हवा असेल तर 'अधिकाऱ्याच्या लाच घेणाऱ्या भावाला अटक' हेही चालते, आणि माझ्या कानाला ते अधिक बरे वाटते. मात्र 'लाचखोर अधिकारी, त्याच्या भावाला अटक' असे घाईत करू नये. त्या स्वल्पविरामाने दोघेही गजाआड जातात.

प्रथमेचा उपाय दोन ठिकाणी मात्र फसतो. पहिले ठिकाण अनेकवचनी बहिणींचे. 'लाच घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या बहिणी अटकेत' यात बहिणी प्रथमेतच आहेत, तरी गोंधळ कायम राहतो, कारण स्त्रीलिंगी अनेकवचनाचे रूपही 'घेणाऱ्या' असेच होते. दुसरे ठिकाण न बदलणाऱ्या विशेषणांचे: फरार, निलंबित, लाचखोर. 'निलंबित अधिकाऱ्याचा भाऊ अटकेत' यात निलंबन कोणाचे हे 'निलंबित' हा शब्द सांगूच शकत नाही. भावाचे असेल तर शब्द हलवून 'अधिकाऱ्याचा निलंबित भाऊ' करावे. अधिकाऱ्याचे असेल तर 'निलंबित झालेल्या अधिकाऱ्याचा भाऊ' करावे, कारण 'झालेल्या' हे रूप बदलते आणि 'भाऊ'ला लागू शकत नाही. बहिणींच्या बाबतीत विशेषणाची जागा बदलावी, नाहीतर सरळ दोन वाक्ये करावीत: 'लाच अधिकाऱ्याने घेतली, अटक बहिणींना'.

मथळ्यात चुकले तर निदान खुलासा छापता येतो. सूचना वाचून माणूस लगेच हात घालतो. 'तुटलेल्या यंत्राच्या भागांना हात लावू नये' ही पाटी घ्या. यंत्र तुटले असेल तर त्याच्या कोणत्याच भागाला हात लावायचा नाही, की यंत्र चालू असले तरी फक्त तुटलेले भाग टाळायचे? पहिल्या अर्थाने माणूस यंत्रापासून लांब राहतो. दुसऱ्या अर्थाने धडधाकट दिसणाऱ्या भागाला निर्धास्त हात लावतो. इथे 'ना' काढता येत नाही, म्हणून प्रथमेचा मार्ग बंद. पहिला अर्थ हवा असेल तर 'यंत्र तुटले असल्यास त्याच्या कोणत्याही भागाला हात लावू नये' असे लिहावे लागते, दुसरा हवा असेल तर 'यंत्राच्या तुटलेल्या भागांना हात लावू नये'. पहिले लांबते. लांबू द्यावे, पाटीवर जागा असते.

'जुन्या फायली व नोंदवह्या नष्ट कराव्यात' हे याच रोगाचे धाकटे भावंड. नोंदवह्या सगळ्या जाळायच्या की जुन्याच? सगळ्या असतील तर त्यांना आधी आणावे: 'नोंदवह्या व जुन्या फायली'. जुन्याच असतील तर 'जुन्या' दोनदा लिहावे, शाळेत पुनरुक्ती म्हणून गुण कापले गेले असले तरी.

आपल्या उपसंपादकांना एवढीच विनंती, की मथळ्यात 'णाऱ्या' किंवा 'लेल्या' आले आणि त्यापुढे 'च्या' आले, की पान सोडण्याआधी बातमी न वाचलेल्या सहकाऱ्याला 'हे कोणी केले?' असे विचारावे. तो क्षणभर अडखळला तरी मथळा बदलावा.

आपला,
एक नियमित वाचक