दुपारच्या पाळीतल्या ट्रेनरताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं आणि तुमच्या जिमचं नाव इथे लिहीत नाही, पण वाचल्यावर तुम्ही स्वतःला ओळखालच. वडोदऱ्यातल्या रावपुऱ्याहून तुमच्याकडे येणाऱ्या, गुडघेदुखीवाल्या 52 वर्षांच्या मावशी माझ्या पेशंट. हे पत्र त्यांना विचारूनच लिहिते आहे. फिजिओथेरपीचे व्यायाम झाले की पुढे मांडीच्या स्नायूंना वजन लागतं. खुर्चीतून उठ-बस करून एका मर्यादेपर्यंतच ताकद येते. म्हणून आम्ही पेशंटला जिमला धाडतो आणि त्यातले पुष्कळ जण पहिल्याच संध्याकाळी घरी परततात ते कायमचेच.

मावशी तुमच्याआधी ज्या जिममध्ये गेल्या, तिथे त्यांना सोमवारी संध्याकाळी सातला बोलावलं होतं. सोमवार, त्यात संध्याकाळ! या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक आहे की सोमवार हा छातीच्या व्यायामाचा दिवस. निम्मी पोरं बेंचभोवती उभी असतात आणि जागा मिळेपर्यंत आरशात बघत असतात. तिथे मावशींना काट्यावर उभं करून वजन मोठ्याने वाचलं. मग खास ट्रेनिंगचं पॅकेज सांगितलं. ते नको म्हटल्यावर 'सगळ्यांचं बघून बघून येईल हो' म्हणून सोडून दिलं. त्या एका मशीनवर बसल्या, पाय लावले, जोर केला. मशीन जागचं हललं नाही. पुन्हा जोर केला. मागे दोघं वाट बघत उभे होते. त्या उठल्या, पिशवी उचलली आणि बाहेर पडल्या.

मशीन हललं नाही ते मावशींत ताकद नव्हती म्हणून नव्हे. आधीचा माणूस पिन खालच्या भोकात ठेवून गेला होता. वजनाच्या प्लेटा एकावर एक असतात आणि पिन ज्या प्लेटेत घालाल तिथपासून वरच्या सगळ्या उचलल्या जातात. खालच्या टोकाला असेल तर पन्नास, सत्तर, काही मशीनवर शंभर किलोसुद्धा. नवख्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याला वाटतं, मलाच जमत नाही, आणि सगळ्यांनी ते पाहिलं. आमच्याकडे परत येणाऱ्यांना जरा खोदून विचारलं की गर्दीच्या भीतीखाली बहुतेक वेळा हेच निघतं. लोक बघतील ही भीती असतेच, पण त्याहून मोठी भीती ही की लोक बघत असताना समोरच्या लोखंडाचं काय करायचं ते आपल्याला कळणार नाही. 'कुणी बघत नाही हो, बिनधास्त जा' ही समजूत म्हणूनच लागू पडत नाही. शिवाय ती पूर्ण खरीही नाही. दोन सेटच्या मधे मिनिट-दोन मिनिटं माणूस रिकामा बसतो, भिंतीला आरसे असतात, नजर कुठेतरी पडणारच. ती बहुतेक वेळा रिकामी असते, एवढंच.

तुम्ही समजूत घातली नाहीत. तुम्ही फोनवर दोन गोष्टी विचारल्यात: दुपारी तीनला यायला जमेल का, आणि साडेबारा-एकच्या सुमारास नीट जेवून याल का. दोन्ही प्रश्न नेमके. बऱ्याच जिम दुपारी बंदच असतात. ज्या उघड्या असतात तिथे अकरा ते चार या वेळात मोजकी माणसं असतात, आणि चारनंतर कॉलेजची मुलं यायला लागतात. जेवणाचं म्हणाल, तर घाबरलेला माणूस खात नाही. त्याची छाती आधीच धडधडत असते, त्यात तो श्वास रोखून वजन ढकलतो आणि उठताना चक्कर येते. मग दोष व्यायामाला. पोटभर जेवण असेल तर दोन-अडीच तास आधी, केळं किंवा वाटीभर पोहे असतील तर तासभर आधी, एवढं अंतर पुरतं.

मावशींना तुम्ही पहिली दहा मिनिटं नुसतं फिरवलंत. चपला कुठे काढायच्या, आतले बूट कुठे घालायचे, पाणी कुठे, बायकांची खोली कुठे, आणि पंख्याखालचं कोणतं ट्रेडमिल बरं. मग त्याच ट्रेडमिलवर ताशी साडेतीन किलोमीटरने सहा मिनिटं. सुरू करताना पाय पट्ट्यावर न ठेवता दोन्ही बाजूंच्या कडांवर ठेवायचे, लाल किल्लीची चिमटी कुडत्याला लावायची, आणि पट्टा पूर्ण थांबल्याशिवाय उतरायचं नाही. उतरल्यावर जमीन सरकल्यासारखी वाटते, तेव्हा दांडा धरून क्षणभर उभं राहायचं. हे शेवटचं तुम्ही आधीच सांगितलंत म्हणून मावशी घाबरल्या नाहीत. न सांगितलेल्या माणसाला वाटतं, बीपी वाढलं.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ती गोष्ट त्यानंतरची.

लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर, तुम्ही मावशींना बसवलंत. गुडघे काटकोनात येतील इतकी सीट पुढे घेतलीत. कंबर गादीवरून उचलली जात नाही ना, ते हात घालून पाहिलंत. पिन दुसऱ्या भोकात. मावशींनी दहा वेळा ढकललं, छान झालं. बहुतेक ट्रेनर इथे 'शाब्बास' म्हणून पुढच्या मशीनकडे नेतात. तुम्ही मावशींना उठवलंत, सीट पार मागे सरकवलीत, पिन काढून थेट तळाच्या भोकात खुपसलीत आणि म्हणालात, 'आता कुणीतरी असं ठेवून गेलंय समजा. तुम्ही तुमचं लावून घ्या.'

मावशींनी सीटखालचा दांडा शोधला. उलटा ओढला. तुम्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहिलात, पुढे केला नाहीत. पिन अर्धीच गेली होती, तेव्हा 'खट् आवाज येईपर्यंत' एवढंच म्हणालात. दुसऱ्या खेपेला सगळं बरोबर लागलं. मग त्यांच्याच वहीत त्यांच्याच हाताने लिहायला लावलंत: लेग प्रेस, सीट 4, पिन 2. चेस्ट प्रेसवरही तेच, मुठी छातीच्या मध्याला येतील अशी सीट. बसून ओढायच्या रोइंगवरही तेच, छातीची गादी अशी की हात पूर्ण लांब केल्यावर जेमतेम मूठ बसेल. तीन मशीन, प्रत्येकी दहा-बाराचे दोन सेट, मध्ये मिनिट-दीड मिनिट, आणि पंचेचाळीस मिनिटांत बाहेर.

ही मोडतोड करायला तुम्हाला पाच मिनिटं जास्त लागली असतील. माझ्या मते सगळं काम त्या पाच मिनिटांत झालं. दुसऱ्याने लावून दिलेलं मशीन रिकाम्या दुपारी कुणालाही चालवता येतं. गर्दीत मात्र दुसऱ्याने बिघडवलेलं मशीन स्वतः लावावं लागतं आणि त्याचा सराव कुणी देत नाही. व्यायामगुरू प्रोफेसर माणिकरावांच्या आणि जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या गावात नवख्याला हाताशी धरून शिकवण्याची रीत काही नवी नाही. पण चकचकीत काचांच्या आत ती क्वचितच दिसते, म्हणून तुमच्याकडे दिसली तेव्हा फार बरं वाटलं.

वजन कमी ठेवलंत याबद्दल वेगळे आभार. आणखी तीन-चार वेळा सहज झालं असतं अशा ठिकाणी तुम्ही सेट थांबवलेत. पहिल्याच दिवशी दमवून टाकणाऱ्यांचा मला फार राग आहे. सवय नसलेल्या स्नायूंचा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. जिना उतरताना बाई कण्हते आणि घरचे म्हणतात, 'कुणी सांगितलं होतं?' थोडा ठणका चालतो. गुडघ्याच्या सांध्यातच दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते दुखणं वा सूज राहिली, तर पिन एक भोक वर घ्यायची आणि गुडघा जरा कमी वाकवायचा. स्नायू सुजून लघवी काळपट तपकिरी झाली, तर मात्र जिमला नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. असं क्वचित होतं, पण नवख्याकडून अती करून घेतलं की होतं.

आता गर्दीचं. दुपारच्या दोन-चार खेपा झाल्यावर तुम्ही मावशींना मुद्दाम सोमवारीच संध्याकाळी बोलावलंत, हे ऐकून मी आधी दचकले आणि मग हसले. पोरं सगळी बेंचकडे, पायांची मशीन मोकळी! एकच मुलगा लेग प्रेसवर होता. तुम्ही शिकवलेलं गुजराती वाक्य मावशींनी म्हटलं, 'केटला सेट बाकी छे, भाई?' तो म्हणाला, दोन. 'वच्चे हुं करी लउं?' म्हणजे मधे मी करून घेऊ का. तो उठला आणि त्याने स्वतःच पिन वर घेऊन दिली. मावशींनी ती एक भोक खाली सरकवली, कारण त्यांचा आकडा त्यांना पाठ होता.

एक विनंती आहे. नवरात्रीच्या आधी गर्दी वाढते, त्या सुमारास तुमच्याकडे काही मशीन बदलणार असं मावशी सांगत होत्या. सारख्या दिसणाऱ्या दोन मशीनवरही सीटचे आकडे आणि प्लेटांची वजनं जुळत नाहीत. एकाची प्लेट 5 किलोची असते, दुसऱ्याची 7 ची, तर कुठे आकडे पाउंडात. जुन्या वहीवर विसंबून त्या नव्या मशीनवर बसल्या, तर पुन्हा ते हलणार नाही किंवा भसकन सुटेल. बदलायच्या आठवड्यात त्यांना एकदा दुपारी तीनला बोलवा आणि वहीचं नवं पान करून घ्या. माझ्या आणखी दोन पेशंट तयार होत आहेत. त्यांनाही त्याच वेळी पाठवते, चालेल ना?

तुमची,
रावपुऱ्याजवळची एक फिजिओथेरपिस्ट
वडोदरा