आख्खा तीळ, वाटलेला तीळ आणि घाणीचं तेल

दांडिया बाजार, बडोदा

प्रिय मृणाल,

निनादचे कागद मिळाले. तिळाची त्वचेवरची प्रिक टेस्ट पॉझिटिव्ह, रक्तातलं ॲलर्जीचं आयजीई वाढलेलं, आणि चटणी खाल्ल्यावर अर्ध्या तासात अंगभर गांधी आणि उलटी. तिन्ही जुळल्यावर शंकेला जागा राहत नाही. टेस्टच्या फुगवट्याचा आकार बघून तू घाबरली आहेस, पण त्या आकारावरून ॲलर्जी खरी असण्याची शक्यता किती एवढंच कळतं. पुढची रिॲक्शन किती जोराची येईल हे त्यावरून कुणालाच सांगता येत नाही. आमच्या अबोलीलाही तिळाचीच ॲलर्जी, तिच्या डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

तुझा खरा प्रश्न असा की भोगीची तीळ लावलेली भाकरी त्याने मजेत खाल्ली, तेव्हा काही झालं नाही, मग चटणीनेच का? हाच प्रश्न मीही विचारला होता. तिळाचं टरफल चिवट असतं. मूल भाकरी चावतं तेव्हा बरेचसे तीळ दाताखाली येतच नाहीत, ते आख्खेच पोटातून पुढे जातात. ॲलर्जी ज्याची येते ते प्रथिन आतच कोंडलेलं राहतं. चटणीत तोच तीळ भाजून कुटलेला असतो, म्हणजे सगळं प्रथिन मोकळं झालेलं, आणि घासागणिक तीळही कितीतरी जास्त. भाजल्याने ते प्रथिन मरतही नाही. त्यामुळे "भाकरी चालली होती, म्हणजे थोडा तीळ चालतो" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. तुझ्या सासूबाई म्हणतीलच, आमच्याही म्हणाल्या होत्या.

म्हणून आमच्या घरात पहिला नियम असा झाला की वाटलेला, कुटलेला तीळ घरात नकोच. तिळकूट, तिळाची चटणी, भरल्या वांग्याचं वाटण, सगळं बंद. आख्ख्या तिळाबद्दल थोडे दिवस वाद चालला. सासऱ्यांना श्राद्धाला काळे तीळ लागतात. ते देवघरात एका घट्ट झाकणाच्या डबीत असतात, स्वयंपाकघरात येत नाहीत. पण पांढरे तीळ मी घरातून काढलेच. कधी तीळ भाजताना नीट बघ, तडतडून ओट्यावर उडतात, शेगडीच्या कडेला जातात, आणि संध्याकाळी कणकेच्या परातीत सापडतात.

गोड्या मसाल्याचं मात्र लक्षात ठेव, कारण तिथे तीळ दिसत नाही. आमटीत, मसालेभातात, उसळीत रोज चमचाभर जातो आणि "आपण तीळ खाल्ला" असं कुणाला वाटत नाही. माझं जुनं प्रमाण पाव किलो धण्यांना 100 ग्रॅम सुकं खोबरं आणि 50 ग्रॅम तीळ असं होतं. आता तीळ पूर्ण गाळून खोबरं 150 ग्रॅम घेते आणि किसून जरा जास्त खरपूस भाजते. चवीत थोडा फरक पडतो, खोटं कशाला बोलू. तिळाचा तो कडवट खमंगपणा येत नाही. आमटीत कळत नाही, भरल्या वांग्यात कळतो. खोबरं वाढल्यामुळे मसाला लवकर खवट होतो, म्हणून निम्माच करते आणि फ्रिजमध्ये ठेवते. आणि तो डंक्यावर कुटायला देत नाही, कारण तिथे आपल्या आधी कुणाचा तरी तिळाचाच मसाला कुटून गेलेला असतो. घरच्या मिक्सरवर होतो, दोनदा चाळावा लागतो एवढंच. मिक्सरचं भांडं मात्र नवं घे. जुन्या भांड्यात पात्याखाली आणि झाकणाच्या रबरात तेलकट भुकटी बसते ती निघत नाही. दगडी खलबत्ता आम्ही नणंदेकडे पाठवला. बाकी स्टीलची भांडी साबण लावून घासली की पुरे. नुसत्या फडक्याने पुसून किंवा सॅनिटायझर लावून प्रथिन जात नाही.

आता ज्याने आम्हाला सगळ्यात जास्त दमवलं ते सांगते. हे सगळं करून झाल्यावरही थंडीत अबोलीचे ओठ सुजायचे. फार नाही, पण खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ओठांभोवती लाल, खाज, कधी हनुवटीवर दोन-तीन गांधी. स्वयंपाकघरात तिळाचा दाणा नाही. मी वहीत लिहायला लागले: काय खाल्लं, किती वाजता, कोणत्या डब्यातलं. हळूहळू दिसलं की हे खिचूच्या दिवशी होतं, भाजी-पोळीच्या दिवशी नाही. खिचू तू इथे आलीस तेव्हा खाल्लं होतंस, तांदळाच्या पिठाची गरम उकड, वर कच्चं सिंगतेल, म्हणजे शेंगदाण्याचं तेल, आणि मेथीचा मसाला. पीठ तेच, मसाला घरचा. उरलं तेल. पण त्याच तेलाची फोडणी रोज होत होती आणि तेव्हा काही होत नव्हतं!

आम्ही शेंगदाण्याचं तेल घाणीवरून आणतो. (शेंगदाणा अबोलीला चालतो, तो तपासून घेतलेला आहे. निनादचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरून चालू नकोस.) पावसाळ्यात आणलेल्या डब्याने कधी त्रास दिला नाही. थंडीतलाच डबा त्रास देत होता. शेवटी यांनी घाणीवर जाऊन उभं राहून बघितलं. इथे थंडी पडली की घाण्यांवर कचरियुं निघतं, तीळ आणि गूळ घाणीतच कुटून केलेलं. सकाळी त्या घाणीत कचरियुं, दुपारी त्याच घाणीत शेंगदाणे. मध्ये काय, तर कापडाने पुसून घेतात. विचारलं तर मालक अगदी मनापासून म्हणाला, "तल नथी, भाई, चोख्खुं सिंगतेल छे." त्याच्या दृष्टीने ते खरंही होतं.

आणि फोडणीने त्रास का नाही, तर हिशेब सरळ आहे. सहा माणसांच्या भाजीला दोन चमचे तेल, त्यातलं तिच्या ताटात येतं ते जेमतेम अर्धा चमचा. खिचूवर मात्र तिच्या एकटीच्या वाटीत दोन चमचे. घाणीचं तेल गाळलेलं असतं, पण रिफाइंड नसतं, त्यामुळे बियांतलं प्रथिन त्यात थोडंफार राहतंच. आम्ही तेल बदललं, रिफाइंड शेंगदाणा तेलाचा बंद डबा आणला, आणि खिचू तसंच चालू ठेवलं. ओठ सुजणं थांबलं. जुन्या डब्यातलं तेल पुन्हा देऊन बघायचा मोह यांना झाला होता. डॉक्टर स्पष्ट नाही म्हणाले. असली परीक्षा घ्यायचीच तर दवाखान्यात, त्यांच्या समोर. तुझ्याकडे नाशकात कचरियुं नसेल, पण लाकडी घाणीच्या तेलाची हौस तुम्हालाही आहे, आणि ज्या घाणीवर तिळाचं तेल निघतं तिथलं दुसरं कुठलंही तेल निनादसाठी नको. आयुर्वेदिक मालिशची तेलंही बहुतेक तिळाच्याच तेलात सिद्ध केलेली असतात. दिवाळीच्या अभ्यंगाला आम्ही साधं खोबरेल लावतो.

पाकिटांवर फार विसंबू नकोस. आपल्याकडे एफएसएसएआयच्या 2020 च्या नियमांत ॲलर्जीचे जे पदार्थ वेगळे ठळक सांगावे लागतात, त्यांत दूध, शेंगदाणा, सोयाबीन वगैरे आहेत, तीळ नाही. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळही सक्तीचा झाला. त्यामुळे इथे "ॲलर्जी" या चौकटीत तीळ दिसला नाही याचा अर्थ तो नाही असा होत नाही, घटकांची अख्खी यादी वाचावी लागते. तिथेही नुसतं "मसाले" लिहिलेलं असेल तर मी ते पाकीट परत ठेवते. बेकरीच्या नानकटाईबद्दलही जपून. वनस्पती तुपात तिळाचं तेल घालायची अट आपल्याकडे सरकारनेच घातली होती, का, तर कुणी साजूक तुपात डालडा मिसळला तर रसायनाने लाल रंग येऊन चोरी पकडता यावी! तुपाच्या भल्यासाठी केलेली युक्ती, आणि ती आपल्या पोरांच्या बिस्किटात येऊन बसली.

फरसाणाचं दुकान आमच्यासाठी संपलं. खांडवी, पात्रा, खमण, सगळ्यांवर तिळाची फोडणी, आणि बिनतिळाचं मागितलं तरी झारा तोच. हांडवो घरी करते, वरच्या फोडणीत तिळाऐवजी मोहरी आणि जिरं वाढवते, कड छान कुरकुरीत येते. चटणीला जवस किंवा शेंगदाणा घेते. संक्रांतीला खोबरं-शेंगदाण्याचे लाडू, आणि हलवा साबुदाण्यावर काढते. पाक तोच, फक्त साबुदाणा आधी कोरडा भाजून घ्यायचा, नाहीतर काटा येत नाही. तुमच्या धाकटीचं बोरन्हाण यंदा करणार असशील तर निनादच्या आसपास तिळाचा हलवा ओतू नका. मुलं जमिनीवरचं वेचून तोंडात घालतात.

औषधाचं शेवटी लिहितेय, पण करायचं सगळ्यात आधी. फक्त ओठ किंवा दोन गांधी असतील तर सेट्रिझिन आणि लक्ष. पण श्वास लागला, आवाज बसला, पोर गळून गेलं, किंवा गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर ॲड्रेनलिन, आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. सेट्रिझिन त्याची जागा घेत नाही. ॲड्रेनलिन भरलेले आयते पेन आम्हाला मिळाले नाहीत, म्हणून डॉक्टरांनी 1 मिलीलिटरमध्ये 1 मिलिग्रॅमचे ॲम्प्यूल आणि 1 मिलीची सिरिंज लिहून दिली, आणि भरायला शिकवलं. मात्रा दर किलोला 0.01 मिलिग्रॅम. अबोली 18 किलोची आहे, म्हणजे 0.18 मिली. तो आकडा फ्रिजवर चिकटवला आहे, वजन वाढलं की बदलतो. निनादचा आकडा त्याच्या डॉक्टरांकडूनच लिहून घे. इन्सुलिनची सिरिंज घेऊ नकोस, सुई आखूड पडते. ॲम्प्यूल उन्हात नको, फ्रीझरमध्येही नको, आणि द्रव तपकिरी दिसला तर फेकून दे. इंजेक्शन दिलं की त्याला आडवं कर, श्वास लागला असेल तर टेकून बसू दे, पण उठून चालू देऊ नकोस. 108 ला फोन करून दवाखान्यात जायचंच, बरं वाटलं तरी, कारण काही तासांनी पुन्हा उसळी येऊ शकते. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी दुसरा डोस देतात, म्हणून घरात दोन ॲम्प्यूल ठेव.

तुझ्या सासूबाईंना हे पत्र वाचून दाखव, चटणीचा भाग जरा जोरात. बिनतिळाचा गोडा मसाला शुक्रवारी करतेय, पाव किलो कुरिअर करते. आधी तुम्ही खाऊन सांगा, भरल्या वांग्याला चालतो का.

तुझी,
वर्षा