फोटो उलटून पाहणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

बाईंचा निरोप समारंभ होऊन पंधरा दिवस झाले, तरी त्यात दाखवलेल्या चित्रफितीतील सात सेकंदांची शांतता माझ्या मनातून गेलेली नाही. समारंभानंतर मी आपल्या घरी आले तेव्हा आपण मला आभाराचा शब्दही उच्चारू दिला नाहीत, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेत बाईंनी ३१ वर्षे शिकवले. त्या काळातील वर्गांचे २२ फोटो जमवून त्यांची निवेदनासह चित्रफीत करायचे आम्ही ठरवले आणि प्रथम एका व्यावसायिकाकडे गेलो. त्यांनी ५०० शब्दांची संहिता पाठवली. तीत ज्ञानदीप होता, आधारवड होता, संस्कारांची शिदोरी होती. आमच्या बाई मात्र कुठेच नव्हत्या. ज्या फोटोत साल लिहिलेली पाटी नाही, त्याला त्यांनी अंदाजाने एक साल चिकटवले होते आणि मी चूक दाखवली तेव्हा ‘एवढं कोण बघतंय’ असे उत्तर मिळाले. ते उत्तर मला अजून बोचते, कारण त्या फोटोतील प्रत्येक जण आपले साल बघणारच होता.

आपले सारे आयुष्य छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेले. चित्रफितीशी आपला संबंध नव्हता. तरी आपण आधी घड्याळ लावून ती संहिता मोठ्याने वाचली आणि दोष कुठे आहे ते सांगितले. प्रत्येक फोटो आठ सेकंद ठेवला तर २२ फोटोंना १७६ सेकंद होतात, आणि शांतपणे वाचताना सेकंदाला दोनच शब्द नीट उच्चारले जातात. म्हणजे सगळी जागा भरली तरी ३५० शब्दांच्या वर काही मावत नाही. आपण २३० वरच थांबलात. उरलेला वेळ लोकांना आपापला चेहरा शोधण्यासाठी हवा, असे आपले म्हणणे होते. फोटो बदलल्यावर एक सेकंद जाऊ द्यावा आणि मग वाक्य सुरू करावे, नाहीतर कान डोळ्यांच्या पुढे धावतो, हेही आपणच शिकवलेत.

कागदाचे दोन भाग करून आपण डावीकडे फोटोचा क्रमांक आणि उजवीकडे त्याचे शब्द लिहिलेत. ‘या फोटोत बाई मधोमध बसल्या आहेत’ अशी सगळी वाक्ये खोडलीत, कारण ते तर दिसतच होते. त्याऐवजी मागची रांग ज्या बाकांवर उभी आहे ती बाके मुलांनीच वर्गातून उचलून जांभळाखाली आणली होती, हे आले. पाटी नसलेल्या फोटोला साल न देता ‘नवी खोली बांधून झाल्यानंतरचा वर्ग’ एवढेच म्हटलेत. ती खोली मागे दिसतच होती. बाईंच्या शेजारी कन्नडचे सर बसले आहेत त्या फोटोचे वाक्य त्याच सरांनी कन्नडमधून बोलावे, ही सूचनाही आपलीच. सभागृहात त्या वाक्याला सर्वांत आधी टाळी पडली.

परंतु माझ्या मनात कायमचे राहिले ते वेगळेच. आमच्या सातवीचा, १९९८-९९ चा फोटो मी आपल्या हाती दिला. मी त्याची प्रत फोनवर कधीच पाठवली होती, तरी मूळ फोटो पाहिल्याशिवाय लिहिणार नाही असे आपण सांगितले होते. आपण तो कडांना धरून उलटा केलात. मागे बाईंच्या अक्षरात, पेन्सिलीने, रांगेवार सर्वांची नावे होती आणि सर्वांत खाली, थोडी जागा सोडून, त्या दिवशी शाळेत न आलेल्या दोघींची. सव्वीस वर्षांत आमच्यापैकी कोणीही तो फोटो उलटून पाहिला नव्हता. आपण चष्मा पुसलात, ती दोन नावे पुन्हा वाचलीत आणि त्या फोटोसाठी मी लिहिलेल्या चार ओळींवर काट मारून समासात लिहिलेत : ‘फक्त ही दोन नावे. मग सात सेकंद काहीही बोलू नये.’

त्या दोघींपैकी एक लहान भावाला सांभाळायला त्या दिवशी घरी राहिली होती. समारंभाला ती आली होती. पडद्यावर आधी फोटो आणि मग त्याची मागची बाजू दिसली, तिचे नाव ऐकू आले आणि निवेदन थांबले. त्या शांततेत ती आपल्या जागेवरून उठून बाईंकडे चालत गेली. बाईंनी तिला नावाने हाक मारली. फोटोत नसलेल्या मुलीला त्यांनी चेहऱ्यावरून ओळखले.

समासातील आपल्या अक्षरांचा तो कागद आता मी बाईंना दिला आहे. त्यांनी तो त्याच फोटोच्या मागे ठेवला आहे.

आपली नम्र,
१९९८-९९ च्या सातवीतील एक विद्यार्थिनी