सुलभास पत्र: वहिनींच्या घरचा फोन

म्हार्दोळ,
26 जुलै

प्रिय सुलभा,

तुझ्या आईविषयी तुला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती विचारण्याआधी बरेच काही सांगावे लागणार आहे, म्हणून हे पत्र लांबणार. माझी साखर आटोक्यात आहे, ह्यांचा खोकला पावसाबरोबर आला आहे आणि पावसाबरोबर जाईल.

कार्यशाळेच्या निवडीसाठी यंदा प्रत्यक्ष चाचणी नाही. काणकोणहून किंवा पेडण्याहून मुलींनी दोन मिनिटांसाठी फोंड्यापर्यंत यावे, हे कोणालाच पटले नाही. म्हणून सर्वांना एकच स्वगत पाठवायचे, त्यांनी ते घरी मोबाइलवर चित्रित करायचे आणि आम्ही ते पाहायचे, असे ठरले. विषय ठरला, महत्त्वाच्या फोनची वाट पाहणारी आई. लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि विषय ऐकताक्षणी मला 1990 मधल्या तुझ्या आईशिवाय कोणी दिसेना.

तरी मी पहिला खर्डा आजच्या काळातला केला. हातात मोबाइल, मुलगा परदेशात, आई एकटी. तो वाचून घेतला तेव्हा ध्यानात आले की वाट पाहणे ही करायची गोष्टच नव्हे. नटीला करायला काही नसले की ती उसासे टाकते, खिडकीकडे जाते आणि तिसऱ्या वाक्याला डोळे भरून आणते. शिवाय एकटी आई बोलते कोणाशी? तो मोबाइल खिशात घालून ती कुठेही जाऊ शकते, तिला कोणी अडवलेले नाही. तुझ्या आईला मात्र वरच्या घरच्या वहिनींकडेच बसावे लागत असे, कारण कुवेतला अडकलेल्या तुझ्या भाईच्या खिशातल्या कार्डावर पी.पी. म्हणून त्यांचाच नंबर होता. परक्या घरातली खुर्ची, दुसऱ्याचा फोन आणि त्या घरच्या बाईलाही फोन करायचा आहे. एवढे मांडले आणि स्वगताला हेतू मिळाला. ह्या बाईला वाट पाहायची नाही, तर वहिनींना रिसीव्हर उचलू द्यायचा नाही, आणि तेही तसे न म्हणता. हे करता येते, आणि करताना वाट पाहणे आपोआप दिसते.

आता मजकूर असा आहे. वाचताना वेळ लावून पाहा, विरामांसकट दोन मिनिटांत बसतो.

«वहिनी, तुम्ही जेवून घ्या, माझं काही नाही. मी एवढ्या कळ्या संपवते. उमलायच्या आत ओवल्या पाहिजेत, उमलल्या की देवळापाशी कोण घेणार? बहिणीला फोन करायचा होता ना तुम्हाला? करा की. घर तुमचं, फोन तुमचा. फक्त ती बोलायला लागली की अर्धा तास सोडत नाही, असं तुम्हीच सांगता. मुंबईला विमान सकाळीच उतरलं म्हणतात. अम्मानहून. एवढी माणसं, सगळी एकदम फोनकडे धावणार. बूथपाशी रांग लागली असेल. त्या रांगेत त्याची पाळी यायची आणि इथे एंगेज लागायचा. मग? मागचा माणूस थांबणार आहे का? त्याला हा एकच नंबर पाठ आहे, वहिनी. नाही, करा तुम्ही. मी कुठे नको म्हणते? आला की पहिल्या दिवशी नुसती पेज देणार आहे. तिकडे काय खाल्लं असेल कोण जाणे. मग न्हायला पाणी. मग देवळात. मग मामाकडे, मामा रोज विचारतो. मग शिंप्याकडे, सगळे कपडे तिकडेच राहिले असणार. मग...
(फोन वाजतो. वहिनी उचलतात.)
...तुमचाच. बहीण. नाही, नाही, बोला तुम्ही. मी आहे इथेच.»

2 ऑगस्टला इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसले, तिकडचे फोन बंद पडले, मग आपली माणसे बसने वाळवंट ओलांडून जॉर्डनला आणि तिथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला येऊ लागली, ह्यांतले मी मजकुरात जवळजवळ काही ठेवले नाही. वहिनींना ते सगळे ठाऊक आहे. ठाऊक असलेल्या माणसाला तीच गोष्ट पुन्हा सांगणारी बाई खोटी वाटते आणि कॅमेऱ्यापुढे तर फारच खोटी वाटते. ज्या मुली तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या, त्यांच्यासाठी अर्ध्या पानाचे वेगळे टिपण जोडले आहे. त्यात आईचे वय बेचाळीस लिहिले आहे, म्हणजे आवाज कापरा करायला आणि पाठीत वाकायला कोणी जाणार नाही.

आता घंटेकडे येते, म्हणजे आपल्या जुन्या भांडणाकडे. स्पर्धेतल्या त्या प्रयोगात बाबलोने रिसीव्हर उचलला तरी विंगेतली घंटा वाजतच राहिली आणि प्रेक्षागृहातून कोणीतरी «चुकीचा नंबर» म्हणून ओरडले, तेव्हापासून मी म्हणत आले की रंगमंचावर फोन वाजवूच नये. आणि तू म्हणत आलीस की प्रेक्षकांना तास-दीड तास वाट पाहायला लावून घंटा न वाजवणे ही फसवणूक आहे. ह्या वेळी मी तुझे ऐकले आहे, सुलभा. घंटा वाजते. फक्त ती वहिनींची आहे. मुलाचा फोन आला असता तर शेवटची वीस सेकंदे सगळ्याजणी रिसीव्हर कवटाळून रडल्या असत्या आणि कोण कशी हे आम्हाला कळले नसते. न वाजती, तर स्वगत जिथे सुरू झाले तिथेच संपले असते. दुसऱ्याचा फोन आला की तिला एका क्षणात आशा, समजूत आणि शिष्टाचार, तिन्ही पार करावे लागतात. आणि अर्धा तास आता सुरू झाला, हेही तिला कळते.

अडचण अशी, की घरच्या चित्रणात घंटा आणायची कशी? प्रत्येकीने आपापल्या मोबाइलचा आवाज लावला तर आम्ही आवाजच ऐकत बसू. शिवाय कुठल्या शब्दाला घंटा होणार हे ठाऊक असले की नटी आधीच्याच शब्दाला थबकते. डोळे अर्धा क्षण लवकर हलतात, श्वास आधीच अडतो. सभागृहाच्या मागच्या रांगेतून हे दिसले नसते, पण छातीपासून वरच्या चौकटीत ते लपत नाही. म्हणून शेवटचा भाग मी यादीसारखा लिहिला. पेज, पाणी, देऊळ, मामा, शिंपी. कॅमेऱ्याच्या डाव्या कडेला बसून वहिनी होणाऱ्या व्यक्तीने ह्यांतल्या कुठल्याही वस्तूनंतर, नटीला न सांगता, टेबलावर एकदा बोटाने ठोकायचे. उरलेली यादी बोलायची नाही.

बाकीच्या सूचना थोड्या आहेत. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर आणि एअरप्लेन मोडवर, नाहीतर खराच कोणाचा तरी फोन येऊन चित्रण तुटते. खिडकी समोर हवी, पाठीशी नको. पंखा बंद, आणि पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर थांबायचे. वहिनी डाव्या कडेला, फोन उजव्या कडेला किंचित खाली, पण दोन्ही कॅमेऱ्याला लागूनच. फोन दूर ठेवला तर त्याच्याकडे पाहताना सगळा चेहराच वळतो आणि आम्हाला कान दिसतो. फोनकडे जितके कमी पाहील तितके बरे. तपासायची रीतही एकच दिली आहे. आवाज बंद करून चित्रण पाहा, आणि फोन आपला नव्हे हे तिला कुठल्या क्षणी कळले ते दिसते का बघा. दिसले नाही तर पुन्हा करा.

एवढे झाल्यावर काल पेडण्याकडची एक मुलगी मजकूर वाचून दाखवायला आली, कारण पाठवण्याआधी तो कोणाच्या तरी तोंडी बसतो का हे मला पाहायचे होते. मी वहिनी झाले. हातात जाईच्या कळ्या आणि केळीच्या सोपाचा ओला दोर होता. «करा की, घर तुमचं» म्हणताना मी रिसीव्हरकडे हात नेला, तशी तिने ओवलेल्या माळेचे टोक माझ्या हातात दिले. धरा जरा, अशा अर्थाने. मी धरले. आता माझा हात अडकलेला, माळ ताणलेली, आणि ती गाठीवर गाठ मारत पेज, पाणी, देऊळ करत गेली. कोणाचा हात कुठे असायचा, सुलभा, हे मी तुला सांगायला नको. वहिनींच्या ओसरीवर ते आपण दोघींनी पाहिले आहे. ही मुलगी तुझ्या आईला ओळखत नाही आणि मी तिला काही सांगितले नव्हते.

«मामाकडे»पाशी मी ठोकायला हात सोडला आणि माळ सैल पडली. तिची बोटे थांबली आणि नजर माझ्याकडे न येता फोनकडे गेली. ठोकण्याची गरजच उरली नाही. चित्रण पाहिले तेव्हा चौकटीत माझा हात नव्हता. फक्त एक ताणलेला दोर बाहेर जात होता आणि तो एकदम लोंबला. आवाज बंद करून पाहिले तरी घंटा कधी झाली हे नेमके कळत होते.

आता काळजी ही. ही माळ मजकुरात सूचना म्हणून लिहिली, तर सगळ्या माळ धरायला देतील आणि आम्ही माळाच पाहत बसू. न लिहावी, तर इतक्या चोख बसणारी गोष्ट हातची सोडल्यासारखे वाटते. रात्रभर विचार करून माझे मत असे झाले आहे की लिहू नये. «ती कळ्या ओवते आहे» आणि «वहिनी हाताच्या अंतरावर बसतील» एवढेच लिहावे. ज्या मुलीला वहिनींचा हात अडवावासा वाटेल ती आपली वाट काढील. कोणी सुपारी कातरायला देईल, कोणी कळ्या निवडायला देईल, कोणी नुसते मनगट धरील. तीच तर चाचणी आहे. पेडण्याच्या मुलीची माळ तिचीच राहो. तुला हे पटते का? तू नेहमीप्रमाणे उलटे म्हणणार असशील तर कारणासकट म्हण.

आणि दुसरे, ज्यासाठी पत्राला सुरुवात केली. «त्याला हा एकच नंबर पाठ आहे, वहिनी» हे वाक्य माझे नव्हे. ते तुझ्या आईचे आहे, शब्द न शब्द, आणि मजकुरातले तेच सर्वांत खरे वाक्य आहे, कारण त्यात ती आयुष्यात पहिल्यांदा वहिनींकडे काही मागते. अनोळखी मुली ते घरोघर बोलणार, पुन्हा पुन्हा चित्रित करणार, काही वाईटही बोलणार. भाईला ते ऐकवेल का, तुला ऐकवेल का, हे मला इथून सांगता येत नाही. तुमची दोघांची संमती नसेल तर «कार्डावर तुमचाच नंबर लिहिला आहे» असे करीन. चालेल, पण कार्ड हरवू शकते आणि पाठ असलेला नंबर हरवत नाही, म्हणून ती विनवणी थोडी पातळ होईल.

तुझ्या सुनेची बदली झाल्याचे कळले, घर लावून झाले की कळव. गुडघ्याचे डॉक्टर काय म्हणाले तेही दोन ओळींत लिही. मजकूर येत्या शुक्रवारी सर्वांना पाठवायचा आहे, तेव्हा भाईला विचारून त्याआधी हो किंवा नाही एवढे कळव.

तुझी,
शैला