तपासणीच्या आदल्या दिवशी निघणारं कुलूप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बहुराष्ट्रीय कंपन्या हल्ली पुरवठादारांची तपासणी करून घेतात, तेव्हा कामगारांनी निर्धास्त राहावं, असा कालच्या अग्रलेखाचा सूर होता. अग्रलेखकांनी अशी एक तरी तपासणी आतून पाहिली आहे का?

मी निर्यातीच्या कपड्यांच्या कारखान्यात टाइमकीपर होतो. ऑडिटची तारीख आम्हाला आधीच कळायची. आदल्या संध्याकाळी मागच्या जिन्याचं कुलूप निघायचं आणि पायऱ्यांवर रचलेले तागे गोदामात जायचे. हजेरीची रजिस्टरं दोन. खऱ्यात सुटी रात्री दहाला, दाखवायच्यात सहाला. दाखवायचं रजिस्टर मीच लिहायचो. सगळं एका बैठकीत लिहिलंय हे कळू नये म्हणून तीन पेनं आलटून पालटून वापरायचो. (अभिमानाने सांगत नाही.) चोरी पकडायला काही फार अक्कल लागत नव्हती. ज्या रविवारी हजेरीत सुटी, त्याच रविवारी लाइनच्या वहीत शिवलेल्या नगांचे आकडे असायचे. दोन वह्या शेजारी ठेवायचं काम! पण ऑडिटरची फी आमचा मालक भरायचा. वह्या कोण कशाला जुळवील?

कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए-८००० हे कामगारांची सुरक्षा आणि कामाची परिस्थिती ठीक असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. ११ सप्टेंबरला तिथे आग लागली. खिडक्यांना गज, दारं बंद. अडीचशेहून अधिक माणसं गेली. आग मुद्दाम लावली होती, असा निकाल पुढे तिथल्या न्यायालयाने दिला. असेल. दारं बंद का होती?

तिथला बहुतेक माल ‘किक’ ही जर्मन कंपनी घेत असे. या कंपनीने नंतर भरपाईसाठी पैसे दिले, हे खरं. पण जबाबदारी ठरवायला मृतांचे तीन नातेवाईक आणि आगीतून वाचलेला एक कामगार डॉर्टमुंडच्या कोर्टात गेले. तिथे प्रश्न आला तो दावा लावायच्या मुदतीचा. नुकसान पाकिस्तानात झालं म्हणून कायदा पाकिस्तानचा, आणि त्याप्रमाणे मुदत संपलेली. जानेवारी २०१९ मध्ये दावा फेटाळला गेला. कंपनीचं काही चुकलं का, यावर निर्णय झालाच नाही.

तुम्ही ज्याचं कौतुक केलंत तो, कंपन्यांनी पुरवठादारांकडच्या कामगारांच्या हक्कांवर लक्ष ठेवावं असं सांगणारा जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा २०२३ पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट म्हटलंय, की या कायद्यातली कर्तव्यं मोडली म्हणून दिवाणी दायित्व येत नाही. सरकारी कार्यालय दंड करू शकतं, पण तो दंड मेलेल्याच्या घरी जात नाही. अग्रलेखात या कलमाचा उल्लेख मी दोनदा शोधला. नाही सापडला.

जाता जाता, ‘ड्यू डिलिजन्स’ म्हणजे धोके आधीच शोधून घ्यायची खबरदारी; त्याचं ‘योग्य परिश्रम’ हे भाषांतर तुमच्याकडे कोण करतं? मूळ शब्दच देवनागरीत छापा. आणि गेल्या वेळी माझ्या पत्राचा खालचा अर्धा भाग जाहिरातीसाठी कापला होतात. या वेळी कात्री लावायचीच तर वरच्या भागाला लावा, रजिस्टरं आणि कोर्ट राहू द्या.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर